शब्दचर्चा : ‘अचूकता ३.९ वर्षे’?

रेवती: रक्ताच्या डागातल्या डीएनएवरून माणसाचं वय कसं काढतात, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. पोलंडमधल्या २०१५च्या कामात पाच जनुकांतल्या पाचच जागांचं मेथिलेशन, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या रासायनिक खुणांचं प्रमाण, मोजलं होतं. मी लिहिलं, ‘या पद्धतीची अचूकता ३.९ वर्षे आहे.’ संपादकांनी लाल रेघ मारली : ‘मग दहा वर्षे अचूकता असेल तर जास्त चांगली का?’ आता काय लिहू?

अण्णा: अदमास! आमच्याकडे अजमासही म्हणतात. मूळ फारसी, आजमावणे त्यातलंच.

माधव: फारसी कशाला? ‘अनुमान’ आहे की घरचं.

रेवती: अहो, दोन्ही म्हणजे काढलेलं वय. मला ते किती चुकतं ते सांगायचंय.

केदार: सोप्पं. ‘वय चार वर्षे मागेपुढे निघते.’ म्हणजे ४२ आलं तर माणूस ३८ ते ४६मधला.

सायली: नाही हो, इथेच गफलत होते. मी याच कामात आहे. ३.९ ही सरासरी चूक, कुंपण नव्हे. पाच नमुने घ्या, चुका १, २, ३, ५ आणि ९ वर्षांच्या. बेरीज २०, सरासरी ४. तो नऊवाला माणूस तुमच्या ३८-४६मध्ये सापडणारच नाही. तपास चुकीच्या वयोगटात फिरत राहील. शिवाय वय वाढतं तशी चूकही वाढते. साठीपुढच्यांचं वय तरुणांपेक्षा जास्त हुकतं.

केदार: पण डाग जुना झाला की मेथिलेशन वाढतं, म्हणून चूक येते ना?

सायली: डागाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. ELOVL2 या जनुकातल्या जागेवर माणसाच्या वयानुसार मेथिलेशनची टक्केवारी चढते, ती आपण वाचतो. मात्र त्याआधी डीएनएला बायसल्फाइट हे रसायन लावावं लागतं, आणि त्यात डीएनएचे तुकडे पडतात. डाग टिचभर असेल तर शाबूत रेणू थोडेच उरतात. मग तोच नमुना पुन्हा लावला की टक्का वेगळा येतो. दोन वेळचे आकडे जुळेनात, तर त्या वयावर भरवसा ठेवायचा नाही. आणि रक्तावर बसवलेलं सूत्र वीर्याला लावू नका, निराळंच वय निघेल.

सुमनताई: माझ्या आईची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावली, साल अंदाजपंचे. या पद्धतीवरून तिचं खरं वय कळेल का? पेन्शनचं भांडण आहे.

सायली: ताई, साल शोधायला नाही चालायचं. तिथे तर एकेक वर्ष मोलाचं.

अण्णा: ‘चूक’ प्राकृत ‘चुक्क’वरून आलंय, अस्सल शब्द. ‘सरासरी चूक ३.९ वर्षे’ लिहा की!

माधव: ‘चूक’ म्हटलं की शास्त्रज्ञ चुकले असं वाटतं. ‘तफावत’ बरा.

अण्णा: तफावत अरबी. आता कसं चाललं?

रेवती: संपादकांना ‘सरासरी चूक’ पाठवलंय. त्यांचा प्रश्न : सरासरी कशाची?