मदत हवी आहे: पेटीच्या काळी एकचा दोलनकाल काढला, पण गणित आणि आलेख यांत दोन हजार पटीचा फरक!

पेटी_आणि_पोरगी

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. ध्वनीच्या धड्यात वारंवारिता आणि दोलनकाल आले. पुस्तकातली उदाहरणं सोडवून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आपल्या पेटीचं करून बघू." मलाही हुरूप आला.

मधल्या सप्तकातली काळी एक दाबून धरली आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. काळी एकची वारंवारिता २७७.१८ हर्ट्झ असते हे नेटवर सापडलं. पुस्तकाप्रमाणे १ भागिले २७७.१८ केलं, उत्तर आलं ०.००३६. मग फाईल संगणकावर घेऊन ऑडॅसिटीत उघडली आणि लाट दिसेपर्यंत मोठी करत गेलो. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत निवड केली, तर खाली ७ मिलिसेकंद दाखवतंय.

एकीकडे ०.००३६, दुसरीकडे ७. पोरगी म्हणते बाबांचं गणित कच्चं. कुठे चुकतंय?

गणित_सोपं_आहे

अहो, १ ला हर्ट्झने भागलंत की उत्तर सेकंदात येतं, मिलिसेकंदात नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती लाटा. एका सेकंदात हजार मिलिसेकंद, म्हणून थेट हजारालाच भागायचं:

```
T (ms) = 1000 / f (Hz)
1000 / 277.18 = 3.608
```

म्हणजे ३.६ मिलिसेकंद. आलेखात ७ येतंय, कारण तुम्ही शिखरापासून खालच्या खळग्यापर्यंत मोजलं असणार. ती अर्धी लाट झाली. शिखर ते शिखर मोजा, बरोबर येईल.

नाट्यगृह_तंत्रज्ञ

हर्ट्झचं मिलिसेकंदात रूपांतर असं होत नाही, त्याला अंतर लागतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. मोबाईल पेटीपासून किती लांब होता? मागच्या रांगांसाठी लावलेल्या स्पीकरला आम्ही याच हिशोबाने उशीर देतो.

पेटी_आणि_पोरगी

@नाट्यगृह_तंत्रज्ञ, मोबाईल पेटीवरच ठेवला होता. आवाज पोचायला लागणारा वेळ नाही विचारत, एका लाटेला लागणारा वेळ विचारतोय.

@गणित_सोपं_आहे, हजाराचं समजलं, कबूल. (मुलगी हसतेय.) पण मी शिखर ते शिखरच मोजलं होतं.

नाट्यगृह_तंत्रज्ञ

अच्छा, मग माझं उत्तर सोडून द्या. सकाळी सकाळी घाईत वाचलं.

ध्वनिवेडा

पहिल्या उत्तरातला हजाराचा भाग बरोबर आहे, खळग्याचा उलटा आहे. शिखर ते खळगा मोजलं असतं तर ३.६ च्या निम्मं, १.८ च्या आसपास आलं असतं. तुमचं दुप्पट आलंय.

७ भागिले ०.००३६ करून बघा, दोन हजाराच्या जवळ जातं. म्हणजे चुका दोन आहेत, एक हजाराची आणि एक दोनाची. हजाराची सापडली. दोनाची बहुतेक चूक नाहीच, पेटीच तसं वाजतेय. दोन गोष्टी सांगा: पेटी एकेरी सुरांची की दुहेरी? आणि दोन शिखरांच्या मध्ये आणखी एखादी बुटकी टेकडी दिसते का?

पेटी_आणि_पोरगी

दुहेरी आहे, खर्ज-नर. आणि हो! उंच, मग बुटकी, मग परत उंच, अशीच रांग आहे. बुटकी म्हणजे काहीतरी खरखर असेल म्हणून मी ती सोडली आणि उंच ते उंच मोजलं.

ध्वनिवेडा

मग कोडं सुटलं. काळी एक दाबली की तुमच्या पेटीत दोन सूर एकदम वाजतात. नराचा २७७.१८ चा आणि त्याच्या खालच्या सप्तकातला खर्जाचा, १३८.५९ चा. नराची लाट ३.६ मिलिसेकंदांत पुरी होते, खर्जाच्या एका लाटेला ७.२ लागतात. खर्जाची एक लाट होते तेवढ्यात नराच्या दोन होतात. त्यातली एक खर्जाच्या शिखरावर बसते म्हणून उंच दिसते, दुसरी खळग्यात येते म्हणून बुटकी. दोन्ही सुरांचा मिळून जो आकार बनतो तो ७.२ मिलिसेकंदांनीच पुन्हा तसाच येतो. तुम्ही बरोबरच मोजलंत, फक्त ते खर्जाचं मोजलंत.

आणखी एक. ऑडॅसिटी सुरुवातीला वेळ पूर्ण मिलिसेकंदांतच दाखवते, म्हणून ७.२ चा ७ झाला. एवढ्या बारीक कामाला ते पुरत नाही. वेळेच्या आकड्याशेजारच्या बाणावर टिचकी मारून `hh:mm:ss + samples` निवडा, म्हणजे सॅम्पल मोजता येतील.

आता खर्जाची खुंटी बंद करून नुसता नर वाजवा आणि परत मोजा. आणि एकच लाट मोजू नका. तुमची निवड एखाद्या सॅम्पलने इकडेतिकडे होणारच. एका लाटेत दीडपावणेदोनशे सॅम्पल असतात, त्यात एकाची चूक म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त, कानालाही कळेल इतकी. चाळीस लाटा एकदम मोजून चाळीसने भागलंत की तीच चूक चाळिसाव्या हिश्श्यावर येते.

तंबोरा_मिरज

माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहितो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची लाट मोजायला बसलो. काळी एकला लावलेला, म्हणजे खर्ज ६९.३ हर्ट्झ, हिशोबाने १४.४ मिलिसेकंद यायला हवेत. आलेखात मात्र नुसतं काटेरी कुंपण! जवारी चांगली लागलेली असली की वरचे स्वर इतके उठतात की एकाच लाटेत पाचसात शिखरं दिसतात. शिखरं मोजत गेलो तर तार दोन सप्तकं वर वाजतेय असं गणित यायला लागलं. शेवटी कागदावर छापून, तोच आकार परत कुठे सुरू होतो ते पेन्सिलने खुणा करून शोधलं. तेव्हा १४ च्या वर आलं. शिखरं मोजू नका, पूर्ण आकार परत कधी येतो ते बघा.

पेटी_आणि_पोरगी

खर्ज बंद केला आणि बुटक्या टेकड्या गायब! सगळ्या सारख्या. मुलीने स्वतः उड्या मारत दाखवल्या.

चाळीस लाटा निवडल्या, ६८९८ सॅम्पल आले. सेकंदाला ४४१०० सॅम्पल असतात असं वाचलं होतं, त्याने भागलं:

```
6898 / 44100 * 1000 = 156.42 ms
156.42 / 40 = 3.91 ms
1000 / 3.91 = 255.8 Hz
```

आता हे काय? २५५ म्हणजे पांढरी एकच्याही खाली. आमची पेटी एवढी उतरलेली नक्की नाही.

ध्वनिवेडा

४४१०० हा सीडीचा दर. बरेच मोबाईल ४८००० ने रेकॉर्ड करतात. मनातला आकडा घेऊ नका, ऑडॅसिटीच्या खिडकीत दर लिहिलेला असतो तो वाचा. माझी पैज ४८००० वर.

```
6898 / 48000 * 1000 = 143.71 ms
143.71 / 40 = 3.593 ms
1000 / 3.593 = 278.3 Hz
```

ही चूक झाली की ओळखायची खूण आहे. उत्तर साधारण दीड अर्धस्वर खाली किंवा वर सरकतं, दुप्पट-निम्मं होत नाही.

पेटी_आणि_पोरगी

४८००० च लिहिलंय. पैज जिंकलात. आता २७८.३ आले, पण नेटवर २७७.१८ होते. एवढा फरक मोजण्यातला का?

ध्वनिवेडा

चाळीस लाटांवर मोजलंत तर नाही. एका सॅम्पलची चूक धरली तरी वारंवारिता ०.०४ हर्ट्झनेच हलेल. फरक खरा आहे. २७७.१८ हा आकडा पांढरी सहा ४४० ला धरून काढलेला असतो. तुमच्या पेटीवाल्याने पांढरी सहा ४४२ ला धरून लावली असेल, तर काळी एक २७८.४ येते. तुमचं उत्तर त्याच्या अगदी शेजारी आहे. खात्री करायची तर पांढरी सहाच्या शंभर लाटा मोजा. ४४० असेल तर २२७.३ मिलिसेकंद भरतील, ४४२ असेल तर २२६.२.

गणित_सोपं_आहे

किंवा भाता जोरात मारला असेल. हवा जास्त भरली की सूर चढतो.

तंबोरा_मिरज

पेटीच्या सुराला उलटं होतं, दाब वाढला तर तो किंचित उतरतो. बासरीला चढतो.

गणित_सोपं_आहे

आमच्या पेटीला तरी चढल्यासारखा वाटतो.

ध्वनिवेडा

मोजून बघा की. हळू भाता आणि जोरात भाता, दोन्हींच्या चाळीस-चाळीस लाटा. कान फसू शकतो.

पेटी_आणि_पोरगी

पांढरी सहाच्या शंभर लाटा: १०८५९ सॅम्पल, म्हणजे २२६.२ मिलिसेकंद. ४४२ च!

एक नवीन गंमत दिसली. खर्ज आणि नर दोन्ही चालू ठेवून लांब रेकॉर्डिंग बघितलं. उंच-बुटकी असा आकार स्थिर राहत नाही. बुटकी टेकडी हळूहळू वाढते, उंच टेकडीएवढी होते, मग परत बुटकी. एवढं सगळं व्हायला साधारण दोन सेकंद. ऐकतानाही आवाज थोडा डोलतो. मुलगी म्हणाली, यालाही तेच सूत्र लावू: १००० भागिले २०००, म्हणजे ०.५ हर्ट्झ. याला काही अर्थ आहे का?

ध्वनिवेडा

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. अर्थ आहे. नर हा खर्जाच्या बरोबर दुप्पट असता तर आकार जागच्या जागी राहिला असता. तुमचा नर खर्जाच्या दुपटीपेक्षा अर्ध्या हर्ट्झने वर किंवा खाली आहे. वर की खाली हे या डोलण्यावरून कळत नाही. नुसता खर्ज वाजवून त्याच्या लाटा मोजा. चाळीस पुरतील.

पेटी_आणि_पोरगी

नुसता खर्ज वाजवता येत नाहीये, नराची खुंटी अडकलीय, आत ढकलली तरी हवा जातेच. पेटी उघडायला माझा हात धजत नाही. पेटीवाले गणपतीनंतर येतो म्हणालेत.