शब्दचर्चा: 'ब्रिजिंग'ला मराठीत काय म्हणावं?

मुद्रितशोधक: दात काढण्याआधी रुग्णाला द्यायचं सूचनापत्रक मराठीत करतेय. वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी त्यात लिहिलंय, 'गोळी चालू ठेवा, ब्रिजिंगची गरज नाही.' 'सेतुबंधन' लिहिलं की थेट रामायण आठवतं. दुसरा काही शब्द सुचतो का?

तीन दाढा: ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवतात तो नकली दात. मला बसवलाय. हिरडी भरून येईपर्यंत थांबतात. म्हणून 'लगेच ब्रिज बसवायची गरज नाही' असं लिहा, सोपं आहे.

मुद्रितशोधक: अहो, तो ब्रिज नव्हे! पण तुमचा असा समज झाला, म्हणजे पत्रक वाचणाऱ्यांचाही होणार. मूळ शब्द तसाच ठेवायचा नाही, एवढं तरी ठरलं.

जुना कंपाउंडर: रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद करतात आणि मधल्या दिवसांत हेपारिनची इंजेक्शनं देतात, ते ब्रिजिंग. 'पर्यायी इंजेक्शनं' म्हणा. पण गोळी चालू ठेवून दात काढला तर रक्त थांबणार कसं? मला तर पत्रकच चुकलेलं वाटतंय.

औषधांचं कपाट: काका, ब्रिजिंगचा अर्थ तुम्ही अचूक सांगितलात, पण पत्रक चुकलेलं नाही. पाच दिवसांचा हिशेब मोठ्या शस्त्रक्रियेचा आहे.

समजा एका बाईंची हृदयातली मायट्रल झडप धातूची आहे. त्यांचं आतड्याचं ऑपरेशन ठरलं, तर वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवतात. तिचा असर एका दिवसात जात नाही, हळूहळू उतरतो. तो उतरला की झडपेवर गुठळी धरू नये म्हणून हेपारिन सुरू करतात. दिवसातून एकदा-दोनदा कातडीखाली टोचायचं हेपारिन असेल, तर शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या साधारण २४ तास आधी. ऑपरेशननंतर वॉरफरिन पुन्हा सुरू केली, तरी तिचा असर जमायला काही दिवस जातात, म्हणून तेवढे दिवस परत इंजेक्शनं.

त्याच बाईंची एक दाढ काढायची असेल, तर यातलं काहीच करत नाहीत. आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बघायचा. २.८ आला, तर रोजच्या वेळी रोजचीच गोळी. दंतवैद्य खळग्यात विरघळणारी जाळी ठेवतात, टाके घालतात आणि वीस-तीस मिनिटं कापसाची घडी दाताखाली घट्ट दाबून धरायला लावतात. ही जागा डोळ्यांना दिसते, बोटाने दाबता येते. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली तर तिथे कोणाचं बोट पोहोचत नाही.

आणि इंजेक्शनंही फुकट नसतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांवर २०१५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिजिंग केलेल्यांत मोठा रक्तस्राव ३.२ टक्के, न केलेल्यांत १.३. गुठळ्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच. मात्र धातूच्या झडपेची माणसं त्या चाचणीत नव्हती, म्हणून त्यांच्या मोठ्या ऑपरेशनला अजूनही बरेच डॉक्टर ब्रिजिंग करतात.

आईची लेक: माझ्या आईला रक्त पातळ करायची दुसरी गोळी, अपिक्साबान आहे. 'सकाळची गोळी वगळा' असं सांगितलं होतं. तिने आदल्या दिवसापासूनच बंद केली आणि नंतरही दोन दिवस घेतली नाही. तिलाही इंजेक्शनं द्यायला हवी होती का?

औषधांचं कपाट: नाही ताई. अपिक्साबान काही तासांत चढते आणि दिवसाभरात बरीचशी उतरते, त्यामुळे भरून काढायला पोकळीच उरत नाही. साध्या एका दाताला बहुधा काहीच वगळत नाहीत. जास्त दात किंवा हिरडी कापायची असेल, तर फक्त सकाळची वगळून संध्याकाळची नेहमीच्या वेळी, रक्त थांबून चार तास झालेले असले की. आईंचे ते मधले दिवस मात्र कसल्याच संरक्षणाविना गेले.

मुद्रितशोधक, यावरून एक सुचवतो. तशीच रिव्हारोक्साबान ही गोळी दिवसातून एकदाच असते, तिथे 'वगळा' लिहू नका, 'पुढे ढकला' लिहा. आणि जिथे 'वगळा' येईल, तिथे कोणती, किती आणि पुढची कधी, तिन्ही लिहा.

जुना कंपाउंडर: आयएनआर किती असला तर दात काढू नये म्हणतंय पत्रक? आमचे डॉक्टर ३.५ च्या वर हात लावत नसत.

मुद्रितशोधक: ४ च्या खाली हवा असं आहे.

औषधांचं कपाट: ४ ची मर्यादा बऱ्याच मार्गदर्शिकांत आहे, ३.५ मानणारेही भेटतात. पत्रकात आकडा ज्यांचा आहे, त्यांनाच विचारा. आणि दुखण्यासाठी आयबुप्रोफेन नको, हे ठळक अक्षरांत छापा. टाके घातल्यावर रक्त वाहायला लागतं, तेव्हा पुष्कळदा घरच्या घरी घेतलेली ती गोळी निघते. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने तर आयएनआरच चढतो.

मुद्रितशोधक: आता असं लिहिलंय: 'वॉरफरिन रोजच्याप्रमाणे घ्या. तिच्या जागी हेपारिनची इंजेक्शनं घ्यायची नाहीत.' प्रतिशब्दच टाळला.

जुना कंपाउंडर: पळवाट आहे ही. डॉक्टरांच्या पत्रात काय लिहाल?

तीन दाढा: 'मधली इंजेक्शनं'?

औषधांचं कपाट: डॉक्टरांना 'ब्रिजिंग'च कळेल. पण 'मधली इंजेक्शनं' मला आवडलं.