डार्क रोस्ट बिया तेलकट दिसताहेत, ताज्या की शिळ्या?

निळीशाई: माझ्याकडे कॉफीच्या दोन पिशव्या आहेत. डार्क रोस्ट भाजून सहाच दिवस झालेत, तरी बिया तेल चोळल्यासारख्या चकाकतात. दुसरी मध्यम भाजलेली, पाच आठवड्यांपूर्वीची. आणली तेव्हा अगदी कोरडी होती, आता काही बियांच्या मधल्या चिरेपाशी टाचणीच्या टोकाएवढे थेंब दिसताहेत. यातली खराब कोणती?

भटका_कप: तेल म्हणजे ताजेपणा. कोरडी बी जुनी समजायची.

धूरकट: डार्क रोस्टपुरतं ते अर्धं खरं आहे. तेल मुळात बीतच असतं, अरेबिकात वजनाच्या साधारण १५ टक्के. भाजताना दुसऱ्यांदा तडतड सुरू होते, त्याच्या पुढे नेलं की बी सच्छिद्र आणि ठिसूळ होते आणि आतला कार्बन डायऑक्साइड तेलाला बाहेर रेटतो. म्हणून सहा दिवसांत आलेली चकाकी भाजणीची खूण आहे, वयाची नाही. मध्यम भाजलेल्या बीत तेल आतच अडकलेलं असतं, ते हळूहळू झिरपतं. तुमचे थेंब वयच सांगताहेत. पण फिकट भाजलेली बी महिनोन्महिने कोरडीच राहते, त्यामुळे 'कोरडी म्हणजे जुनी' हे चूक.

खराब झाली का, ते नाकाला विचारा. बाहेर आलेल्या तेलाला हवा थेट लागते, ते आधी खवट होतं. चार बिया तळहातावर चोळा. जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला तर गेली.

सकाळची_घाई: माझ्या ग्राइंडरमध्ये तेलकट बिया चिकटून खालीच सरकत नाहीत. आत पिवळट थर बसलाय. बिया धुतल्या तर?

धूरकट: नका धुऊ, ओल्या बिया दळता येणार नाहीत. ग्राइंडर उघडून कोरड्या ब्रशने साफ करा. तो जुना थर ताज्या कॉफीलाही खवट वास लावतो.

निळीशाई: चोळून पाहिल्या. डार्कला धुरकट गोडसर वास आहे, खवट नाही. मध्यमचा वास मंदावलाय आणि गरम पाणी ओतल्यावर पूड जेमतेम फुगते. पण खवट तीही नाही.

धूरकट: मग ती शिळी आहे, खराब नाही. पिऊन संपवा. खरी घाई डार्कची करा, माझ्या हिशेबाने भाजल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. तोवर हवाबंद डब्यात, शेगडी आणि उन्हापासून लांब. काचेची बरणी असेल तर कपाटात.

भटका_कप: फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

धूरकट: चालतं, पण आठवड्यापुरत्या छोट्या पुड्या करून. गार पुडी लगेच उघडली तर बियांवर दव धरतं, म्हणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सकाळची_घाई: मी गोठलेल्याच दळते, ग्राइंडरला कमी चिकटतात.

धूरकट: लगेच दळल्या तर तेही चालेल. तेलकट बियांवर मी करून पाहिलेलं नाही. थर कमी बसतो का, ते महिन्याभराने उघडून सांगा.