शब्दचर्चा: ‘मिड-सीझन फिनाले’ला मराठीत काय म्हणायचं, आणि सीझनचा शेवट कुठल्या भागाला धरायचा?

खानापूरकर
आमच्या मंडळाच्या गणपतीत क्विझ घ्यालोय, प्रश्न सगळे मराठीत काढायचेत. त्यातला एक, ब्रेकिंग बॅड मालिकेचा पाचवा सीझन कुठल्या भागानं संपला? कमिटीतले दोघं दोन उत्तरं द्यालेत, एक म्हणतो आठवा, एक म्हणतो सोळावा. आणि ‘मिड-सीझन फिनाले’ला शब्द काय वापरायचा तेपण सांगा की.

टिळकवाडी_कट्टा
आठवाच. २ सप्टेंबर २०१२ ला तो भाग लागला, पुढचा थेट ११ ऑगस्ट २०१३ ला. वर्षभर गॅप पडल्यावर तो नवा सीझनच झाला की. डिस्कचे सेटपण वेगवेगळे निघालेत.

निपाणीवाली
ब्रेकला ब्रेकच म्हणा, कोण अडवतंय? आमच्या घरी तर दर दहा मिनिटाला ब्रेक, तेवढ्यात आई भाकरी उलथून येती.

खानापूरकर
अक्का, जाहिरातीचा ब्रेक नव्हे ओ 😀 सीझन अर्ध्यात थांबवतात तो.

शहापूर_जुना_टीव्ही
कट्टा, तारखा बरोबर आहेत पण गॅपवरनं सीझन ठरत नाही. आकडा पुढं चालू राहतो का परत एकपासनं सुरू होतो ते बघायचं. इथं आठव्यानंतर नववा आला, पाचव्याचाच नववा. चॅनेलनं शेवटचा सीझन म्हणून १६ भागच मंजूर केलेले आणि ते आठ-आठ करून दोन वर्षांत दाखवले. म्हणजे सीझन संपला २९ सप्टेंबर २०१३ ला, ‘फेलिना’ नावाच्या सोळाव्या भागानं, तीच मालिकेचीपण अखेर. आठव्याचं नाव ‘ग्लायडिंग ओव्हर ऑल’, तो अर्ध्यावरचा थांबा.
आता घोळ कुठं होतो, तर एमी पुरस्कारांनी हे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांत धरले, २०१३ ला पहिल्यासाठी आणि २०१४ ला दुसऱ्यासाठी सर्वोत्तम ड्रामा मालिकेचा मान दिला. विकतानापण दोन तुकडे वेगळे विकले. अमेरिकेत एका गिऱ्हाइकानं पूर्ण सीझनचे पैसे भरलेले आणि हातात आले आठच भाग, तर त्यानं ॲपलवर दावाच टाकला, मग ॲपलनं गिऱ्हाइकांची भरपाई केली. म्हणून बक्षिसाच्या यादीवरनं किंवा डिस्कच्या कव्हरवरनं शेवटचा भाग ठरवू नका.

टिळकवाडी_कट्टा
मग आठवा एवढा शेवटासारखा का वाटतो? नायक वॉल्ट ड्रगचा धंदा सोडतो, पैशाचा ढीग लागलाय, घरी सगळे निवांत बसलेत.

शहापूर_जुना_टीव्ही
तीच तर त्यातली हुशारी. (बघितलं नसेल त्यांनी पुढं वाचू नका.) कुणी मरायला टेकलेलं नाही, बंदूक रोखलेली नाही, सगळं मिटल्यासारखं दिसतं, फक्त वॉल्टचा मेव्हणा हँक, जो ड्रगवाल्यांना पकडणारा अधिकारी, त्याच्या हाताला एक पुस्तक लागतं आणि आतली सही बघून त्याला वॉल्टचं गुपित कळतं. बाकी सगळं जागच्या जागी, बदललं ते एका माणसाला काय ठाऊक आहे तेवढंच, आणि वॉल्टला त्याचा पत्ता नाही. असला हुक वर्षभर टिकतो, कारण प्रेक्षक ‘तो वाचला का’ विचारत बसत नाही, ‘आता हा काय करणार’ ते रचत बसतो.
डॅलस मालिकेचं उलटं. २१ मार्च १९८० ला जे. आर. वर गोळी झाडली आणि सीझन बंद, झाडली कुणी ते लपवलं. त्यात कलाकारांचा संप आला, उत्तर लागलं २१ नोव्हेंबरला. आणि तेही नव्या सीझनच्या पहिल्या भागात नव्हे, चौथ्यात. क्विझवाले इथं हमखास पडतात.

निपाणीवाली
तो कितवा सीझन पण?

शहापूर_जुना_टीव्ही
तिथंच वाद आहे बघा. १९७८ ला आधी पाचच भागांची छोटी मालिका आलेली. ती सीझन एक धरली तर गोळीचा भाग तिसऱ्याचा शेवट, नाही धरली तर दुसऱ्याचा. डिस्कवर तिसरा आहे, जुन्या लिखाणात दुसरा सापडतो.

खानापूरकर
मग प्रश्नात सीझनचा आकडा घालायचाच नाही, तारीख आणि भागाचं नाव घालतो. शब्दाचं काय पण?

वडगाव_वाचक
क्लिफहँगरला ‘टांगता शेवट’ बरा वाटतो. मासिकातनं कादंबरी येताना खाली ‘क्रमशः’ छापायचे, पण ते नुसतं पुढं आहे एवढंच सांगतं, गोष्ट कशावर अडली ते नाही. अर्ध्यावरच्याला ‘मध्यंतराचा भाग’ म्हणा.

निपाणीवाली
मध्यंतर म्हटल्यावर लोक चहाला उठतील ओ. आणि आमच्या रोजच्या मालिकेला सीझनच नाही, शनिवारी कुणीतरी दारात येऊन उभारतं आणि सोमवारी कळतं दूधवाला होता. त्याला काय म्हणायचं?

टिळकवाडी_कट्टा
त्याला फसवणूक म्हणायचं 😀 ‘मध्यंतर’ मलाबी पटत नाही, ‘अर्ध्या सीझनचा शेवट’ लिवा सरळ, लांब झालं तर झालं.

वडगाव_वाचक
‘शेवट’ घातलात तर तो आठव्या-सोळाव्याचा वाद परत सुरू होणार, बघा बाबा.