पुरात एक खोली गेली, भाडं किती?

«पुराचं पाणी शिरून दोनपैकी एक खोली महिनाभर बंद आहे. निम्मंच भाडं दिलं तर चालेल का?»

स्वतःहून कापू नका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 म्हणतं, आग-पुराने घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला तर भाडेकरू भाडेपट्टा रद्द करू शकतो. भाडं आपोआप निम्मं होण्याची सोय त्यात नाही. तुमची खोली वाळली की वापरता येणार, म्हणजे ‘कायमचं’ नुकसानही नाही. आणि करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ असेल (आपल्याकडे बहुतेक तोच असतो), तर हे कलमच लागत नाही, करारातली अट चालते. मालकाशी बोला आणि ‘अमुक तारखेपर्यंत 12,000 ऐवजी 7,000’ असं सहीनिशी लिहून घ्या. तोंडी सवलत पुढे थकबाकी म्हणून उभी राहते.