महिन्याची टक्केवारी उशिरा सांगते

> वर्गाची हजेरी ९१ टक्के आहे तरी दोन-तीन मुलं मागे पडतायत, हे आधी कसं कळणार?

वर्गाच्या आकड्यावरून नाहीच कळणार, हजेरीपत्रक आडवं वाचा, म्हणजे एका मुलाची ओळ धरून. आणि जूनपासूनची एकूण टक्केवारी बघू नका, तीच जास्त फसवते. समजा एक मुलगी पहिल्या ७२ दिवसांत ७० दिवस आली आणि पुढच्या १२ दिवसांत ७च दिवस, तर एकूण अजून ९२ टक्केच दिसते, पण शेवटचे १२ दिवस धरले तर ५८! म्हणून दर शनिवारी फक्त मागचे १२ शालेय दिवस मोजायचे. एक्सेलमध्ये गैरहजरीला A टाकत असाल तर:

```
=COUNTIF(X5:AI5,"A")
```

दर आठवड्याला रेंज पुढे सरकवावी लागते तेवढं लक्षात ठेवा. आकडा ३ झाला की घरी फोन. शिवाय वार पण बघा, दर बाजाराच्या दिवशीच गैरहजर म्हणजे बहुतेक धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेली असते, सलग दिवस असतील तर आजारपण नाहीतर स्थलांतर. ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, ती मुलं एका दिवसात जातात, त्यांची यादी दिवाळीच्या आधीच काढायला लागते.