स्कोअरकार्डात खाली आला म्हणून पोत्यांचा पुरवठादार तोडायचा का?

मुनीम_कारंजा

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तुरीची डाळ मिल चालवतो. अध्यक्ष म्हणाले, पुरवठादारांना मार्क द्या. मी टॅलीतून दोन वर्षांची खरेदी एक्सेलमध्ये काढली. उशिराला 40, रिजेक्ट मालाला 40 आणि भावातल्या फरकाला 20 गुण ठेवले. 30 किलोच्या छापील बीओपीपी पोत्यांचे तिघे आहेत. नागपूरवाला 91, अकोल्याचा 58, आणि तालुक्यातला एक छोटा व्यापारी 96! संचालक मंडळ म्हणते अकोल्याचा बंद करा. मला मात्र पटत नाही, कारण अडीअडचणीला रात्री गाडी पाठवणारा तोच आहे. आकडे खोटे, की मी भावनेत वाहतोय?

दारव्हेकर

भावनेत वाहताय. आकडे आहेत तर आकड्यांवर चाला, नाहीतर काढलेच कशाला? आमच्या संस्थेत "जुना माणूस आहे" म्हणत म्हणत एकाने सहा वर्षं चढ्या भावाने माल घातला. मार्क लागले आणि तीन महिन्यांत सरळ झाला. फक्त तुमची विभागणी चुकली आहे. पोती नसली की मिल बंद पडते, म्हणून उशिराला 60 करा.

सुनंदा_बुटीबोरी

60 करा नाहीतर 80 करा, मूळ तारीखच चुकीची असेल तर काय उपयोग? मी चौदा वर्षं बुटीबोरी एमआयडीसीत खरेदी खात्यात होते. मुनीमभाऊ, तीन गोष्टी सांगा. उशीर कोणत्या तारखेपासून मोजला? माल तुकड्या-तुकड्यांनी आला तर कोणता तुकडा धरला? आणि जो माल आलाच नाही, त्याचं शीटमध्ये काय झालं? दोघांची एकेक ऑर्डर इथे टाका. सगळी दोन वर्षं नकोत.

मुनीम_कारंजा

अकोला: 12,000 पोती, कबूल तारीख 10 जानेवारी. 8,000 आली 9 तारखेला, उरलेली 4,000 आली 28 तारखेला. मी शेवटची तारीख धरली, म्हणून 18 दिवस उशीर. त्यातली 500 छपाई सरकलेली होती, ती परत.

नागपूर: 10,000 पोती, कबूल तारीख 3 फेब्रुवारी, आली 4 तारखेला. एक दिवस. रिजेक्ट शून्य.

सुनंदा_बुटीबोरी

अकोल्याच्या 12,000 पैकी 8,000 पोती वेळेआधी आली, त्यांच्यावर मिल चालली. उशीर फक्त 4,000 चा. 4,000 गुणिले 18 भागिले 12,000, म्हणजे 6 दिवस. शेवटची तारीख धरली की तो तिप्पट वाईट दिसतो, पहिली धरली की एकदम साधूसंत. नगाच्या वजनाने काढा. B मध्ये पुरवठादार, E मध्ये कबूल तारीख, F मध्ये आवक तारीख, G मध्ये नग आणि J2 मध्ये ज्याचा हिशेब हवा त्याचं नाव:

```
=SUMPRODUCT((B2:B300=J2)*(F2:F300>E2:E300)*(F2:F300-E2:E300)*G2:G300)/SUMIFS(G2:G300,B2:B300,J2)
```

मधली `F>E` ची अट काढू नका. काढली तर पाच दिवस लवकर आलेली गाडी पाच दिवस उशिराच्या गाडीला खाऊन टाकते आणि सरासरी शून्य येते. मिल मात्र त्या पाच दिवसांत बंद होती! आणि हे एका वस्तूपुरतंच वापरा. पोत्यांचे नग आणि ग्रीसचे किलो एका बेरजेत घेतले की पोतीच सगळा निकाल लावतात.

आता F रिकामा असलेल्या ओळी बघा. रिकामी पेशी कबूल तारखेपेक्षा मोठी नसते, म्हणून उशीर शून्य धरला जातो. तुमचा 96 वाला मला तिथेच सापडेल असं वाटतं.

मुनीम_कारंजा

ताई, बरोबर! त्याच्या पाच ऑर्डरींपैकी दोन आल्याच नाहीत, 3,000 पोती. मी त्या ओळी "पेंडिंग" म्हणून सोडून दिल्या होत्या. म्हणजे ज्याने माल दिलाच नाही, तो पहिला आला.

सुनंदा_बुटीबोरी

तशा ओळीत F मध्ये `=TODAY()` आणि G मध्ये बाकी नग टाका. दर महिन्याला त्याचा उशीर वाढत जाईल, आणि तेच खरं आहे. मात्र ऑर्डर तुम्हीच रद्द केली असेल तर ती ओळ शीटमधून काढा.

आता नागपूरवाल्याची 3 फेब्रुवारी ही तारीख पहिल्यापासूनची आहे का? त्याने फोन केला आणि कोणी टॅलीत ऑर्डरमधली तारीख बदलली, असं झालं का? उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली येते, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलाचा माग राहायलाच हवा. एडिट लॉग उघडा. नाही जमलं तर ऑर्डरची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल, तिच्यावरची तारीख बघा.

जिनिंगवाला_हिंगणघाट

आमच्याकडे कापसात हे चालत नाही. भाव रोज बदलतो, ओलावा गाडीगणिक बदलतो. मागच्या हंगामात मी भावातल्या फरकाचे मार्क लावले, तर तेजीत माल देणारे सगळे नापास झाले. तुम्ही शेतकऱ्यांना पण मार्क देणार का?

दारव्हेकर

भाऊ, इथे पोत्यांचं चाललंय, कापसाचं नाही.

सुनंदा_बुटीबोरी

विषय वेगळा असला तरी मुद्दा कामाचा आहे. शेतमालाचा भाव त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावाशी ताडून बघावा, ऑर्डरच्या भावाशी नाही. पोत्यांना मात्र ऑर्डरचा भाव आणि बिलाचा भाव हीच तुलना ठीक.

पोतंवाला

मी पोत्यांच्या धंद्यातला आहे, यातला अकोल्याचा मी नाही हे आधीच सांगतो. छापील बीओपीपीला डिझाइन मंजूर झाल्याशिवाय छपाईचा सिलिंडर बनत नाही, आणि मिलवाले डिझाइनवर बसून राहतात. एकदा परवाना नंबर बदलतो, एकदा अध्यक्षांना लोगो मोठा हवा असतो. मग उशीर आमच्या नावावर! मुनीमजी, ती 4,000 पोती नव्या डिझाइनची होती का? आणि भावाचं पण बघा. अकोलावाला पोच भाव देतो की गाडीभाडं वेगळं लावतो?

मुनीम_कारंजा

तुम्ही बरोबर धरलं. 4,000 नव्या डिझाइनची होती. मंजुरी 2 जानेवारीला द्यायचं आम्ही कबूल केलं होतं आणि मंजुरीनंतर आठ दिवसांत माल, असं ठरलं होतं. आम्ही मंजुरी दिली 20 तारखेला. माल आला 28 ला, म्हणजे त्याचे आठ दिवस त्याने पाळले.

भावाचं सांगतो. ऑर्डर 17.50 ची, बिल 18 चं, पोच. म्हणून त्याला 3 टक्क्यांच्या आसपास फरक लागला. नागपूरचा भाव 17.20, बिलही तेवढंच, फरक शून्य. पण त्याच्या गाडीचं 7,000 भाडं आम्ही वेगळं भरतो आणि ते वाहतूक खर्चात जातं. 10,000 पोत्यांवर 70 पैसे, म्हणजे पडतं 17.90 ला.

आणि नागपूरची जुनी पीडीएफ सापडली. तिच्यावर तारीख 22 जानेवारी आहे. म्हणजे उशीर 13 दिवस, एक नाही. तारीख मीच बदलली होती, त्याचा फोन आला म्हणून.

दारव्हेकर

अशी सूट देत बसलात तर प्रत्येकाकडे कारण असतं. अकोल्याला डिझाइनचं, नागपूरला पुलावरून पाणी गेल्याचं, तालुक्यातल्याला पोळ्याचं. मग स्कोअरकार्डात उरतं काय? आणि 50 पैसे जास्त लावले ते लावलेच की. ऑर्डर 17.50 ची होती ना?

सुनंदा_बुटीबोरी

50 पैशांचं तुमचं बरोबर आहे. भाडं धरून दोघं जवळपास सारखे पडत असले तरी, ठरलेल्या भावापेक्षा न विचारता जास्त बिल लावणं हा दोष वेगळा, तो त्याच्या नावावर राहू द्या. कोण स्वस्त पडतं हा दुसरा प्रश्न, त्याला भाडं धरूनच उत्तर द्यायचं. ही दोन्ही उत्तरं एकाच 20 गुणांत कोंबू नका.

उशिराबाबत माझं मत तुमच्याविरुद्ध आहे. पहिली कबूल तारीख कधीच पुसायची नाही. शेजारी नवी तारीख आणि आणखी एक रकाना, "कोणामुळे". त्यात फक्त आपल्यामुळे की त्याच्यामुळे. पूल आणि पोळा त्याच्याच खात्यात, कारण तो अंदाज त्याने आधी करायचा असतो. डिझाइन आणि थकलेलं पेमेंट आपल्या खात्यात.

दारव्हेकर

"कोणामुळे" कोण लिहिणार? मुनीमच. आणि मुनीमला अकोल्याचा आवडतो.

पोतंवाला

पेमेंटचं काढलंत म्हणून सांगतो. सूक्ष्म-लघु कारखानदाराचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, करार नसेल तर 15. एप्रिल 2024 पासून मुदतीत दिलं नाही तर तो खर्च पैसे भरेपर्यंत आयकरात धरता येत नाही. तरी आमच्याकडे नव्वदीपार बिलं पडून आहेत. अशा गिऱ्हाइकाची पोती मशीनवर शेवटी लागतात, कोणी कबूल करो न करो.

स्टोअरवाला

मी पण एका दालमिलातच हावो, म्हणून बोलतो. मुनीमभाऊ, नागपूरच्या गाडीत रिजेक्ट शून्य कायले आलं, ते गेटवरच्या माणसाले विचारा. आमच्या इकडं काय होते, गाडी आली की हमाल गठ्ठे फोडते, तळाची शिवण उसवलेली पोती बाजूले काढते आन् त्याच गाडीत परत टाकते. राह्यली तेवढ्याची पावती फाडतो आमी. कागदावर सगळा माल चांगलाच दिसते.

मुनीम_कारंजा

काका, विचारलं. आवक वहीत पेन्सिलीने लिहिलेलं आहे: गाडीत 10,000, परत 600. टॅलीत पावती 9,400 ची, आणि त्याने बिलही 9,400 चं करून दिलं. ई-वे बिलावर मात्र 10,000 च आहे. म्हणजे 6 टक्के रिजेक्ट, जे माझ्या शीटमध्ये शून्य होतं. अकोल्याचे 500 पावती झाल्यावर निघाले म्हणून नोंदले गेले, 12,000 वर 4.2 टक्के. जो माल आत घेऊन परत केला तोच रिजेक्ट दिसतो.

सुनंदा_बुटीबोरी

जुन्या गाड्यांसाठी हीच खूण वापरा: ई-वे बिलाचे नग वजा पावतीचे नग. पुढे गेटवर गाडीतले सगळे नग आधी लिहायचे, परत गेलेले नंतर. आणि बदली माल आला की ती ओळ "बदली" म्हणून वेगळी ठेवा, नाहीतर त्याच पोत्यांनी भाजक फुगतो.

तरीही, वर्षात प्रत्येकाच्या चार-पाच ऑर्डरी आहेत. एवढ्यावर 60 आणि 70 मधला फरक मी तरी मानणार नाही. कोणाला तोडायचं हे या शीटवरून ठरवू नका. कोणाला काय विचारायचं, तेवढं ठरेल.

दारव्हेकर

मग मार्क कशाला? सरळ गप्पाच मारा. संचालक मंडळापुढे "विचारायचं काय" घेऊन गेलात तर हसतील. त्यांना एक आकडा लागतो.

मुनीम_कारंजा

दारव्हेकर साहेब, तेच अडलंय. सोमवारी बैठक आहे. मी तिन्ही आकडे वेगवेगळे नेतो: नगाच्या वजनाने उशीर, ई-वे बिलावरून रिजेक्ट, पोच भाव. एकूण गुणांचा रकाना काढून टाकतो. अध्यक्ष मागतीलच, तेव्हा बघू.

स्टोअरवाला

ते ठीक हाय. पण गेटवर परत गेलेली पोती पेनानं लिहाले लावाल, तं हमालाचा गाडीवाल्याशी झगडा होते. नागपूरवाला चहापाण्याचे देते त्यायले. हे तुमच्या कोणत्या रकान्यात टाकता?